बाईंचा डावा हात

सांगलीला बी.एस्सी. करत होतो तेव्हा आमच्या एका प्राध्यापकांनी सांगितलं, पुढे संशोधन करायचं तर इंग्रजीशिवाय आणखी एक परकी भाषा हवी. आमच्या घरात माझ्याआधी मॅट्रिकच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. उंब्रजला सुट्टीत गेल्यावर वडिलांना विचारलं. उसाला पाणी देता देता ते म्हणाले, "सर म्हणत्यात तर शिक. विंग्रजी जमली, ही बी जमंल." अशा रीतीने मी बाईंच्या फ्रेंचच्या शिकवणीला गेलो.

बाईंचे पती नोकरीमुळे पाँडिचेरीला होते. बाई फ्रेंच तिथेच शिकल्या. पती वारल्यावर त्या सांगलीत भावाकडे परत आल्या आणि पुढच्या खोलीत चटई टाकून शिकवू लागल्या. खोलीत कायम कापराचा वास असे. बाईंचा आवाज मात्र कडक.

आमची अडचण पहिल्या आठवड्यातच उघडी पडली. फ्रेंचमध्ये प्रत्येक नाम एक तर पुल्लिंगी, नाहीतर स्त्रीलिंगी. आम्ही मनात मराठी लिंग धरून बसायचो आणि हमखास चुकायचो. घर, पुस्तक, टेबल ही आपली सगळी नपुंसकलिंगी. तिकडे घर आणि टेबल बायका, पुस्तक पुरुष.

"बाई, त्यांचं नपुंसकलिंग कुठं गेलं?" कुणीतरी विचारलं.

"लॅटिनमध्ये होतं. वाटेत हरवलं. तुम्ही शोधू नका, शेपूट बघा. शब्द कशावर संपतो ते बघा."

माझा एक मित्र माणचा होता, दहिवडीकडचा, मेंढरांच्या घरातला. तो म्हणाला, "आवं बाई, आमच्याकडं शेपूट बघून गाय का बैल कळत न्हाई. जरा खाली वाकावं लागतं."

बाईंना हसू आवरेना. डोळे पुसत म्हणाल्या, "मग तुमच्या जनावरांपेक्षा फ्रेंच सोपी म्हणायची!"

त्यांची शिकवण्याची एक रीत होती. त्या नुसता शब्द उच्चारत, त्याच्याआधी पुल्लिंगी 'ल' लागतो की स्त्रीलिंगी 'ला' ते सांगत नसत. पुल्लिंगी वाटला तर आम्ही डावा हात वर करायचा, स्त्रीलिंगी वाटला तर उजवा. तोंडाने बोलायचं नाही. 'आज' असा शेवट आला, जसं फ्रोमाज म्हणजे चीज, व्हॉयाज म्हणजे प्रवास, की डावा. 'माँ' आला, मोमाँ म्हणजे क्षण, की डावा. 'स्याँ' आला, नास्याँ म्हणजे राष्ट्र, की उजवा. लिबेर्ते म्हणजे स्वातंत्र्य, सांते म्हणजे तब्येत. असल्या भाववाचक शब्दांतला 'ते' आला की उजवा. "नियम नाही हा, अंदाज आहे," त्या बजावत. "बहुतेक वेळा बरोबर येतो. सगळ्या वेळा काहीच बरोबर येत नाही." आणि मग हळूच त्या 'इमाज' म्हणजे चित्र, किंवा 'प्लाज' म्हणजे समुद्रकिनारा असा शब्द टाकत. आमचे डावे हात फटाफट वर. बाई खूश. "फसलात! या पुरुषांच्या रांगेत उभ्या राहिलेल्या बायका."

पुढे मला साताऱ्याला कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटरची नोकरी लागली. एके दिवशी त्या माणच्या मित्राचं पोस्टकार्ड आलं, बाईंना पक्षाघात झाला. रविवारी एसटीने सांगलीला गेलो.

त्याच खोलीत खाट टाकली होती. उजवी बाजू पूर्ण गेलेली, वाचा गेलेली. डोळे उघडे होते, पण छताकडे. डावा हात पांघरुणावर पडलेला. बाईंचे भाऊ खुर्चीवर बसून, त्या तिथे नाहीतच अशा आवाजात मला सांगू लागले, "डॉक्टर म्हणतात, समज राहिली असं दिसत नाही. हिचीही कंबर गेलीय उचलून उचलून." हिची म्हणजे त्यांच्या पत्नीची, आम्ही त्यांना काकू म्हणत असू. "मिरजेकडे एक आश्रम आहे. तिथे असल्या माणसांना ठेवून घेतात. पुढच्या आठवड्यात नेऊ म्हणतो. तिला काय, इथे काय नि तिथे काय."

काकू दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "कळत असेल तर मी नाही पाठवायची. कंबर गेली तरी चालेल. पण कळतं का, हेच कळत नाही हो."

मी खाटेजवळ बसलो आणि उगाच, बाईंच्याच चालीवर म्हणालो, "फ्रोमाज."

डावा हात पांघरुणावरून वर आला.

काकू म्हणाल्या, "तो हात हलतो मधून मधून. झटका येतो तसा."

"नास्याँ," मी म्हणालो. हात पडून राहिला. उजवा उचलायचा होता, तो उचलणार कसा? "मोमाँ." हात वर. "लिबेर्ते." हात खाली, स्तब्ध. "व्हॉयाज." वर. भाऊ खुर्चीतून उठून जवळ आले. मी त्यांना समजावून सांगितलं, की हलला तर पुल्लिंगी, नाही हलला तर स्त्रीलिंगी, आणि आतापर्यंत एकही चुकला नाही.

"सवय असेल," ते म्हणाले. "शेवट ऐकून हलत असेल. पोपट नाही का बोलत?"

तेव्हा मी म्हणालो, "इमाज."

हात उठला. चादरीपासून वीतभर वर आला, थांबला. मग सावकाश, जसा कोणी पुढे केलेला हात आवरून घेतं तसा, खाली गेला. बाईंनी डोळे छतावरून माझ्याकडे वळवले. मी पुष्कळ वर्षं त्या नजरेचा विचार केला आहे. आत कोणीतरी बसलं होतं आणि इतका वेळ आम्ही त्याच्या देखत त्याला कुठे पाठवायचं ते ठरवत होतो.

'इमाज' शेवटाने पुल्लिंगी वाटतो पण आहे स्त्रीलिंगी, हे मी भावांना सांगितलं. आश्रमाचा विषय पुन्हा निघाला नाही. भाऊ त्या खोलीत बोलेनासे झाले; बोलायचंच असलं तर "ताई" अशी हाक मारून बोलू लागले. काकूंनी माझ्याकडून शब्द लिहून घेतले, देवनागरीत. भात भरवताना त्या एकेक शब्द म्हणत, हाताकडे बघत आणि माझ्या पुढच्या फेरीला हिशेब देत. "'गातो'ला हलला. गातो म्हणजे केक ना? आमच्या ताईंना गोड आवडायचंच." स्वयंपाकघरातून, भाकरी थापता थापता, 'वुआत्यूर, वुआत्यूर' असा काकूंचा आवाज यायचा. वुआत्यूर म्हणजे मोटार.

त्या हिवाळ्यात मी गेलो तेव्हा खोली गार होती. बाई आणखी लहान झाल्यासारख्या वाटल्या. डोळे मिटलेले नव्हते, पण कुठेच नव्हते. मी "सांते" म्हणालो. हात हलला नाही. बरोबर. मग "व्हॉयाज" म्हणालो. हात हलला नाही. थोडं थांबून "फ्रोमाज" म्हणालो, मोठ्याने. नाही हलला. त्या ऐकत होत्या आणि थकल्या होत्या, की कोणी ऐकतच नव्हतं, हे मला आजही ठाऊक नाही. शब्दाच्या शेवटावरून अंदाज करायला त्यांनी शिकवलं होतं. या शेवटाचा अंदाज मला करता येईना.

मी पुढचा शब्द शोधत होतो. तेवढ्यात काकूंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. आवाज अगदी हळू, ताईंना ऐकू जाऊ नये इतका.

"आता स्त्रीलिंगीच विचारा," त्या म्हणाल्या.

आणि वाटी घेऊन त्या खाटेच्या कडेला बसल्या. "नास्याँ," त्या म्हणाल्या, आणि पांघरुणावरच्या हाताकडे बघून, "बरोबर." चमचा ओठांशी नेला. "लिबेर्ते. बरोबर, ताई."