सुंदर दिसणाऱ्या तक्त्याची गोष्ट

मोताळा तालुक्यातल्या आमच्या गावात सोयाबीन पिकवणाऱ्यांचा एक गट आहे. मी निवृत्त कृषी सहायक, म्हणून गटाने मला शहाणा ठरवलं आणि मीही हरकत घेतली नाही. पेरणीआधी घरच्या बियाण्याची उगवण तपासायची, त्यावरून प्रत्येकाला एकरी किती किलो लागेल ते काढायचं, असं काम होतं. एक्सेलचा तक्ता मी बनवला. त्यात आकडे भरायची जबाबदारी गावातल्या एका सुनेकडे होती. गटाचा लॅपटॉप तिच्याच ताब्यात असे.

काहींची उगवण मोजायची राहिली होती. त्यांच्या ओळीत भागाकाराची चूक दिसे, ते मला खुपे. मी आयएफची अट लावून तिथे रिकामा मजकूर आणला. तक्ता नवरदेवासारखा दिसू लागला. मी तो चार जणांना दाखवलाही.

बैठकीत तिने पुढच्या रकान्यात एकरी किलोला एकरांनी गुणलं. अर्ध्या ओळींत #VALUE! ही चूक आली आणि खालच्या एकूण बेरजेतही तीच. अध्यक्ष म्हणाले, "साहेब, हे काय होऊन राह्यलं? एकूण बियाणं किती लागते?"

मी चष्मा पुसत म्हणालो, "रिकाम्या सेलमध्ये हिनं स्पेसबार दाबला असेल."

"काका, म्या तिथं हातबी नाही लावला."

"मंग भुतानं लावला काय?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो. लॅपटॉप तिच्याकडून काढून अध्यक्षांच्या पुतण्याकडे गेला.

तक्त्याची प्रत घेऊन मी घरी गेलो आणि तिने म्हणे बिघडवलेल्या त्या सेलवर क्लिक केलं. वर माझाच फॉर्म्युला होता. रिकामा दिसणारा तो सेल रिकामा नव्हताच. त्यात शून्य लांबीचा मजकूर होता, आणि मजकुराला गुणता येत नाही. पुढच्या रकान्यातही तीच अट घातली, गुणाकार नीट झाले. मजकूर बेरजेत धरला जात नाही, त्यामुळे मोजलेल्यांचं एकूणही आलं. सकाळी मी तक्ता दुरुस्त केल्याचं सांगितलं. बिघडवला कोणी, ते सांगितलं नाही.

वर्षभर गाव तिला 'स्पेसवाली' म्हणत होतं. यंदाच्या बैठकीत मी उभा राहिलो आणि सगळं सांगून टाकलं. आवाज माझाच होता, पण कोणा दुसऱ्याची चहाडी करतोय असं वाटलं.

ती म्हणाली, "लॅपटॉप इकडं द्या." गेल्या वर्षीचा तक्ता उघडून, माझी नवी अट काढून तिने जुनाच गुणाकार ठेवला. #VALUE! उगवलं. मग शेजारच्या रिकाम्या दिसणाऱ्या सेलवर क्लिक करून तिने लॅपटॉप सगळ्यांकडे फिरवला. "पाहा. इथं स्पेस कुठं हाये?"

अध्यक्ष म्हणाले, "बाई, आता काम तूच सांभाळ."

"सांभाळते. पण काकांनी फॉर्म्युल्याले हात नाही लावाचा."

"हाव," मी म्हणालो. अजून काही बोलायचं होतं, पण तिने मान वर केली नाही.

आता मी ओल्या गोणपाटात शंभर दाणे ठेवतो आणि अंकुर मोजतो. आकडा कागदावर लिहून तिच्या घरी देतो. ती तो दोनदा विचारून घेते.