पंधरा दिवसांचा दाखला

रुग्णालयाच्या तळमजल्यावर, क्ष-किरण खोलीच्या शेजारी, एक हातभर रुंदीची खिडकी आहे. वैद्यकीय दाखले तिथे मिळतात. मिळतात म्हणजे, खिडकीमागच्या माणसाची मर्जी असेल तर मिळतात. त्या माणसाला अख्खं रुग्णालय शिक्केकाका म्हणतं. त्यांचं खरं नाव पगारपत्रकात आहे आणि तिथेच ते सुखाने नांदतं.

शिक्केकाकांचा सगळ्या जगावर राग होता, आणि तो अगदीच बिनबुडाचा नव्हता. सव्वीस वर्षं माणसं त्यांच्याकडे येत होती ती अर्धवट फॉर्म घेऊन. कुणी केस पेपर घरी विसरायचं, कुणी मागच्या महिन्याची तारीख घालून मागायचं, कुणी साहेबाशी भांडून यायचं आणि वर "काहीतरी कमरेचं लिहा ना" म्हणायचं. काका खोटं काही लिहीत नसत. त्याचा त्यांना अभिमान होता, आणि तो अभिमान ते खिडकीतून भरपूर वाटत असत.

दाखल्याची पद्धत अशी. काका केस पेपर बघून मजकूर तयार करायचे, डॉक्टर सही करायचे, काका शिक्का मारायचे. 'अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंत कामास असमर्थ' ही ओळ खरी डॉक्टरांनी भरायची. पण डॉक्टर एका ऑपरेशनमधून दुसऱ्यात निघालेले असत आणि विचारत, "किती लिहू?" काका म्हणत, "पंधरा लिहा साहेब." पंधरा हा आकडा काही कुठल्या ग्रंथात नव्हता. आठ लिहिले की माणूस वाढवून मागायला परत येतो, तीस लिहिले की त्याच्या साहेबाला संशय येतो. पंधरा दिले की तो परत येत नाही. काकांच्या मते चांगला दाखला तोच, जो नेलेला माणूस पुन्हा तोंड दाखवत नाही.

पाच तारखेला दुपारी साडेचारला खिडकीशी एक वायरमन आला. कमरेला अजून पक्कड लटकत होती. कामावरून तसाच धावत आलेला.

"काका, माझ्या बायकोचं आत्ता ऑपरेशन झालंय. अपेंडिक्स फुटलं होतं. उद्या सकाळी नऊला तिची आयोगाची मुलाखत आहे. तारीख बदलून मिळते, पण त्यांना दाखला मुलाखतीच्या आधी पोचायला हवा."

"केस पेपर."

"हा घ्या. आणि काका, त्या मुलाखतपत्रात लिहिलंय, की तारीख बदलली तरी चौदापर्यंतच…"

"पत्र तुमच्याकडेच ठेवा. सव्वीस वर्षं दाखले देतोय, मला शिकवू नका."

वायरमनने पत्र खिशात घातलं. अडला हरी, दुसरं काय करणार? काका मात्र त्या दिवशी मनापासून चांगले वागले, हे सांगायला हवं. खिडकी बंद व्हायला अर्धा तास असताना ते स्वतः वर गेले, शस्त्रक्रिया करणाऱ्या डॉक्टरांना हात धुता धुता गाठलं, निदान नीट लिहून घेतलं, नोंदणी क्रमांक घालून घेतला. पाच ते एकोणीस, पंधरा दिवस, असमर्थ. गोल शिक्का असा मारला, की एक अक्षरही पुसट नाही. वायरमनने नावाचं स्पेलिंग तपासलं, शिक्का तपासला आणि तो जिना चढून पळाला. बायको अर्धवट गुंगीत होती. तिने मोबाइल उघडायचा आकडा सांगितला, तिच्या नोंदवलेल्या ई-मेल पत्त्यावरून अर्ज आणि दाखला मेल झाला, आणि ती झोपली.

सात तारखेला संध्याकाळी उत्तर आलं. आठला सकाळी खिडकी उघडायच्या आधीच वायरमन तिथे उभा होता. त्याने मोबाइल आत सरकवला.

काकांनी चष्मा वर केला, खाली केला आणि वाचलं. मुलाखतीचा कार्यक्रम चौदा तारखेला संपतो. सोबतच्या दाखल्यानुसार उमेदवार एकोणीसपर्यंत असमर्थ आहे. त्यामुळे कार्यक्रमाच्या कालावधीत दुसरी तारीख देता येत नाही. विनंती अमान्य.

"चौदापर्यंत हे मी तुम्हाला सांगत होतो," वायरमन म्हणाला. त्याचा आवाज चढला नाही, आणि तेच काकांना जास्त लागलं. "तिचं वय संपलं, काका. पुढच्या वर्षी फॉर्मच भरता येत नाही. हीच शेवटची होती."

काकांच्या तोंडात सव्वीस वर्षांची उत्तरं तयार होती. दाखला बरोबर आहे. तुम्ही वाचून घ्यायला हवा होता. आयोगाचे नियम आम्हाला काय माहीत. एरवी तीनही उत्तरं त्यांनी ओळीने दिली असती. या वेळी एकही दिलं नाही, कारण माणूस सांगत होता आणि आपण ऐकलं नाही हे त्यांना स्वच्छ आठवत होतं. मग ते आयोगावर चिडले, डॉक्टरांवर चिडले, फुटलेल्या अपेंडिक्सवर चिडले, आणि पत्राखालचा नंबर बघून फोन फिरवला.

सहाव्यांदा लावल्यावर फोन उचलला गेला. पलीकडच्या बाई अगदी काकांच्याच पठडीतल्या निघाल्या.

"दाखल्यात जे लिहिलंय ते आम्ही वाचतो. मनातलं वाचत नाही."

"अहो बाई, पंधरा दिवस हे आपलं साधारण…"

"साधारण असं दाखल्यात लिहिलेलं नाही."

काकांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. हे वाक्य त्यांचंच होतं, शब्दाला शब्द. पण बाई नियमाला पक्क्या होत्या तशा कामालाही पक्क्या होत्या. त्यांनी सांगितलं, "उरलेल्या दिवसांचं वेळापत्रक उद्या लागतं. आज पाचच्या आत उमेदवाराने फेरविचाराचा अर्ज करावा. सोबत डॉक्टरांचा नवा दाखला, की आज तपासलं आणि चौदापर्यंत बसून मुलाखत देण्याइतकी बरी होईल. आणि दोन दाखल्यांत फरक का, याचा रुग्णालयाचा लेखी खुलासा. खुलासा नसेल तर दोनातला एक खोटा धरावा लागतो. तारीख मिळेलच असं मी म्हणत नाही."

त्यानंतर दिवसभर खिडकी बंद राहिली. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. रांगेतल्या लोकांनी काकांना काय काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

डॉक्टर भेटले साडेअकराला. त्यांनी रुग्णाला तपासलं, जखम पाहिली, ताप नाही हे पाहिलं. "तेराला टाके काढतो. चौदाला अर्धा तास खुर्चीत बसून बोलायला काहीच हरकत नाही. आधीही नव्हती. तुम्ही आठ-नऊ म्हणाला असतात तर तेवढे लिहिले असते."

"तुम्ही मला विचारलंत कशाला?" काका उखडले. "डॉक्टर तुम्ही की मी?"

"तेही खरंच," डॉक्टर म्हणाले आणि नवा दाखला या वेळी स्वतःच्या हाताने लिहिला. पण खुलाशावर सही करायला तयार होईनात. पहिल्या दाखल्यावरही त्यांचीच सही. आपणच आपल्याला खोटं कसं म्हणायचं? काका सगळे कागद घेऊन अधीक्षकांकडे गेले. अधीक्षक जेवायला गेले होते. दोन वाजता आले, सव्वादोनला कागद हातात घेतला, आणि म्हणाले, "चूक नेमकी कुणाची, ते लिहिल्याशिवाय मी पुढे पाठवणार नाही."

काकांनी पेन काढलं. 'दाखल्यातील कालावधी वैद्यकीय तपासणीवरून नसून कार्यालयीन सवयीने माझ्या सांगण्यावरून घातला गेला. चूक माझी आहे.' खाली पूर्ण नाव लिहिलं. त्याखाली डॉक्टरांनी 'हे खरे आहे' म्हणून सही केली आणि अधीक्षकांनी शिक्का मारला.

"तुमच्याकडून वेगळा खुलासा मागवावा लागेल हं मला," अधीक्षक म्हणाले.

"मागवा," काका म्हणाले. "फॉर्म माझ्याकडेच आहे."

उरली उमेदवाराची सही. महिला कक्षात मधल्या खाटेवर ती उशांना टेकून बसली होती, चेहरा खडूसारखा पांढरा. काकांनी अर्ज पुढे केला. तिने तो वाचला, खुलासा वाचला आणि मग मान वर केली.

"पंधराच का लिहिलंत?"

काकांनी तिला आठ आणि तीसचं सगळं शास्त्र सांगितलं. सांगता सांगता ते त्यांनाच हास्यास्पद वाटायला लागलं.

"म्हणजे मी परत येऊ नये म्हणून."

"हो," काका म्हणाले. "चुकलं माझं."

असू दे, असं काही ती म्हणाली नाही. का म्हणावं? "सहा वर्षं अभ्यास केला मी," ती म्हणाली. "सकाळी शाळेत शिकवून, दुपारी शिकवण्या घेऊन. तुम्हाला हा आकडा लिहायला किती वेळ लागला असेल?" तिने पोटावर हात धरून, हळूच वाकून सही केली. काकांना खूप वर्षांनी लाज वाटली आणि ती लपवायला त्यांच्यापुढे खिडकी नव्हती.

चार वाजून दहा मिनिटांनी मेल गेला. काकांनी फोन करून बाईंना विचारलं, पोचला का. बाई म्हणाल्या, "पोचला. सारखे फोन करू नका."

दुसऱ्या दिवशी दुपारी उत्तर आलं. चौदा तारीख, शेवटचं सत्र, दुपारी दोनला हजर राहावे. यानंतर कोणत्याही कारणाने बदल होणार नाही. दोन्ही दाखल्यांच्या मूळ प्रती आणाव्यात. वायरमनने ते खिडकीतून मोठ्याने वाचून दाखवलं. रांगेतल्या अनोळखी माणसांनीसुद्धा मान डोलावली. काकांचे डोळे भरून आले, आणि त्याचाही त्यांना राग आला. ते मूळ प्रती घेऊन वर गेले. तिने पुस्तकातून मान वर न करता हात पुढे केला, तारखा बोट ठेवून तपासल्या आणि कागद उशीखाली घातले.

"बरोबर आहेत," ती म्हणाली. "आता जा काका, मला वाचायचंय."

काका खाली आले. खिडकीशी एक म्हातारे गृहस्थ फॉर्म धरून उभे होते, सुनेच्या मोडलेल्या हाताचा दाखला मागायला. काकांनी केस पेपर ओढला, मजकूर उतरवला, आणि पेन तारखांच्या रकान्यापाशी आलं तसं थांबलं. मागून कुणीतरी ओरडलं, की आधी निदान पटापट तरी देत होतात. काकांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

"दाखला कशासाठी हवाय?" त्यांनी गृहस्थांना विचारलं.

"ते जरा लांबलचक आहे, साहेब."

"मग लांबलचक सांगा," काका वैतागून म्हणाले, आणि त्यांनी पेन खाली ठेवलं.