उजव्या डोळ्यावरची पट्टी

आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील छापखान्यात यंत्र पायाने चालवायचे आणि छपाईत बिघडलेले कागद घरी आणायचे. दारूबंदी, परदेशी कापड, बालविवाह, पटकीपासून बचाव. मी त्यांवरच वाचायला शिकले. त्यामुळे माझी अशी समजूत झाली होती की जगातली कुठलीही वाईट गोष्ट नीट मांडून सांगितली की थांबते. विसाव्या वर्षी मी मुलींच्या शाळेत बिगरीला शिकवत होते आणि वर्गातही पत्रकासारखीच बोलत असे.

वडील गेल्यावर सोलापुरातल्या आमच्या दोन खणांच्या घरात दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी राहत होतो. दादाने वहिनींच्या वडिलांकडून विणकाम शिकून दोन माग घातले होते. दुसऱ्यावर एक गडी बसायचा. माग जमिनीत होते, म्हणजे विणणारा काठावर बसून पाय खाली खड्ड्यात सोडतो आणि तिथल्या पावट्या दाबतो. कोरड्या वाऱ्याने ताण्याचे धागे कडकडून तुटतात, म्हणून खिडक्या दिवसभर बंद. खळीचा आंबूस वास, कापसाची कुसं आणि धोट्याची खटखट. मिलचा सकाळचा भोंगा झाला की दार लोटलं जायचं, आणि मी शाळेत जाण्यापुरती सुटायचे. वहिनी सुटत नसत. त्या रहाटावर धोट्यासाठी सूत गुंडाळून कांड्या भरत, दोन्ही मागांना पुरतील इतक्या.

मुलगी पाच वर्षांची होती. तिचा डावा डोळा किंचित नाकाकडे वळायचा. दमली किंवा जवळचं काही निरखून बघायला लागली की जास्त. दादा म्हणायचा, "मोठी झाली की जाईल." वहिनी मोडनिंबकडच्या. त्यांच्या माहेरी अशा डोळ्याला लक्ष्मीची नजर म्हणत. "पोरीच्या पायगुणानं दुसरा माग आला, वन्सं," त्या म्हणायच्या. मलाही तो डोळा गोडच वाटायचा, खोटं कशाला सांगू.

एका रविवारी मी शेजारच्या पोरींबरोबर तिला आंधळी कोशिंबीर खेळायला घेतलं. फडकं बांधताना ते घसरून नुसत्या डाव्या डोळ्यावर आलं. ती तशीच धावत सुटली, वाटेतली बादली चुकवून. मी तिला धरून फडकं सारखं केलं, तर ते उजव्या डोळ्यावर राहिलं आणि डावा उघडा. ती जागच्या जागी थबकली, दोन्ही हात पुढे केले आणि रडायला लागली. "आत्या, काढ. दिसंना."

"हा डोळा उघडा आहे की."

"त्यात न्हाय दिसत. त्यात धूर हाय."

मी तीनदा फडकं बदलून पाहिलं. तिन्ही वेळा तेच.

सरकारी दवाखान्यात महिन्यातून दोनदा डोळ्यांचे डॉक्टर येत. सरकारच्या पायरीला पाय लावायचा नाही असं मी त्या काळात चारचौघांत म्हणत असे. त्या मंगळवारी मी शाळेतून रजा घेतली आणि त्याच पायरीवर मुलीला मांडीवर घेऊन दोन तास बसले.

डॉक्टरांनी पुढच्या फेरीआधी तीन दिवस डोळ्यांत थेंब घालायला सांगितलं आणि त्या फेरीला काळोख्या खोलीत आरशातून उजेड टाकून, काचा बदलत पाहिलं. भिंतीवर एक पाटी होती, तीन दात्यांच्या आकृत्यांची, वरून खाली बारीक होत गेलेली. दाते कुठल्या बाजूला ते बोटांनी दाखवायचं. मुलगी म्हणाली, "ह्या तर फण्या हायत." मागाची फणी ती रोज बघायची. उजव्या डोळ्याने तिने जवळजवळ शेवटच्या ओळीपर्यंत फण्या दाखवल्या. डाव्याने फक्त सगळ्यात वरची, तीही अंदाजाने.

"डोळा आतून निरोगी आहे," डॉक्टर म्हणाले. "पण तो वळलेला, शिवाय त्याला नंबर जास्त. दोन डोळे दोन वेगळी चित्रं पाठवतात, तेव्हा मेंदू एक चित्र टाकून देतो. रोज टाकून देतो. मग तो डोळा बघायलाच शिकत नाही."

"मोठेपणी आपोआप नीट होत नाही?"

"नाही. उलट मोठेपणी काही करता येणं अवघड. सात-आठ वर्षांपर्यंत मेंदू शिकतो, आणि जितकं लवकर तितकं बरं. तुम्ही पाचव्या वर्षी आणलंत. तिसऱ्या वर्षी आणलं असतं तर मी जास्त खूश झालो असतो."

उपाय ऐकून मी चकित झाले. चष्मा, तो दिवसभर. आणि रोज सहा तास चांगल्या, म्हणजे उजव्या डोळ्यावर पट्टी, म्हणजे आळशी डोळ्याला काम करावंच लागेल. पट्टी असताना हाताला बारीक काम द्यायचं. दोन महिन्यांनी परत दाखवायचं, कारण झाकलेला चांगला डोळाही मंद पडत नाही ना, हे बघावं लागतं. "पट्टीनं नजर सुधारते," ते म्हणाले. "तिरळेपणा चष्म्यानं थोडा कमी होईल, राहिला तर पुढे बघू. आधी नजर."

घरी येऊन मी हे सगळं सांगितलं. सांगितलं म्हणजे भाषण केलं. अज्ञान, मातेचं कर्तव्य, लक्ष्मीच्या नजरेची खुळी कल्पना. वहिनी कांडी भरत ऐकत होत्या. शेवटी एवढंच म्हणाल्या, "दुखऱ्या डोळ्याला उघडं ठेवायचं आणि बऱ्याला बांधायचं. डाक्तर म्हंतोय तर म्हंतोय." त्यांनी काळ्या खणाच्या तुकड्याची, आत कापूस घातलेली पट्टी शिवली, नाडी लावून. मी सकाळी शाळेला जायच्या आधी ती स्वतः बांधायचे, वर चष्मा. संध्याकाळी आले की पट्टी उजव्या डोळ्यावरच असायची. ठरलेल्या सहाऐवजी दहा तास बांधून ठेवतात, असं मला वाटायचं, आणि मी वहिनींना तास कमी करायला सांगायचेही.

दोन महिन्यांनी डॉक्टरांनी पाटी दाखवली. डावा डोळा, फक्त वरची फणी. चष्म्यातूनही तेवढीच.

"पट्टी कुठल्या डोळ्यावर असते?"

"उजव्या," मी म्हणाले.

मुलगी खुर्चीवर पाय हलवत होती. तिने दोन्ही बोटं दोन्ही डोळ्यांकडे नेली. "आत्या असली की हा. आत्या साळंला गेली की हा."

डॉक्टरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. "म्हणजे दोन महिने वाया," ते म्हणाले. रागावले असते तर मला सोपं गेलं असतं.

रस्ताभर मी वाक्यं जुळवत आले. दारातूनच सुरू केलं. फसवणूक हा शब्द मी वापरला. दादाचा माग थांबला. गड्याने मान खाली घातली. वहिनींनी रहाट थांबवला नाही.

"झालं तुमचं? या हितं." त्यांनी मुलीला जवळ ओढलं, परकर वर केला. नडगीवर वीतभर लांब, बरी झालेली खोक होती. मला माहीत नव्हती.

"पयल्याच दिशी. तुमी गेला आन् ही उठली पाणी प्यायला. गेली ती थेट खड्ड्यात. तुमच्या दादाचा पाय पावटीवर होता. आनखी वितभर पुढं पडली असती तर डोकंच फुटलं असतं."

"मला सांगायचं होतं."

"कवा? तुमी बोलत हुता की." त्या कांडी काढून टोपलीत टाकत म्हणाल्या. "दोन मागांच्या कांड्या माझ्या अंगावर. मी उठले तर माग बंद. पोरीवर डोळा ठेवायचा का धाग्यावर? मंग मी पट्टी फिरवली. तुमी यायच्या आधी पुन्यांदा फिरवायची. तुमच्या पत्रकात खड्डा कुटं हाय, सांगा की."

मी खोलीकडे पाहिलं. दोन खड्डे, मध्ये दीड हात वाट, बंद खिडक्या. खड्डा झाकायचा तर माग चालणार नाही. मुलीला शाळेत न्यावं, तर मोठ्या बाईंनी पट्टी बांधलेल्या मुलीला आधीच नकार दिला होता. माझी नोकरी सोडावी, तर घर चालणार नाही. सगळीकडून मी भिंतीलाच लागत होते.

"दोन महिने गेले," मी म्हणाले. "आठव्या वर्षानंतर कितीही पट्टी बांधली तरी उपयोग कमी. एका डोळ्यानं जन्म काढायचा, आणि त्यालाच काही झालं तर?"

रहाट थांबला. हे मी आधी एकदाही अशा साध्या शब्दांत सांगितलं नव्हतं.

"असं हाय व्हय," वहिनी म्हणाल्या. त्या मुलीच्या केसांतली कुसं काढू लागल्या. मग म्हणाल्या, "बांधू. पन माझ्या रीतीनं."

त्यांची रीत म्हणजे जुन्या लुगड्याची पट्टी. आमच्या पेठेत रांगतं मूल मागाच्या खड्ड्यात पडू नये म्हणून कमरेला अशी पट्टी बांधून खांबाला अडकवतात. तीन वर्षांच्या पुढच्या मुलाला कोणी बांधत नाही. मुलांना जनावरासारखं बांधण्याविरुद्ध मी वर्गात आयांना सुनावलं होतं. आता पाच वर्षांच्या मुलीच्या कमरेला गाठ मारताना मी वहिनींना टोक धरून दिलं. पट्टी दोन हात लांब होती. ती रहाटाच्या खांबापासून खड्ड्याच्या काठाच्या अलीकडेच संपायची.

मग उन्हाळा आला. घामाने डोळ्याच्या पट्टीखाली खाज सुटायची. मुलगी डोकं खांबाला घासायची, कडेने बघायला मान वाकडी करायची. वहिनी रहाट न थांबवता म्हणायच्या, "चोरून बघतीस व्हय गं? हात." त्यांनी तिच्यापुढे तुटक्या धाग्यांचा ढीग टाकला. लाल वेगळे, पिवळे वेगळे, काळे वेगळे. सुरुवातीला ती सगळं नाकाशी नेऊन हुंगल्यासारखं बघायची आणि काळे-जांभळे एकत्र करायची. वहिनी ढीग मोडून पुन्हा पुढ्यात टाकायच्या. सहा तास. मी सुट्टीच्या दिवशी तिच्या शेजारी बसले, तेव्हा दुपारी मलाच श्वास कोंडल्यासारखं झालं. त्या दोघी रोज तिथे होत्या.

दर दोन महिन्यांनी आम्ही पाटीपुढे जायचो. दुसरी ओळ. मग तिसरी. मग दोन खेपा काहीच नाही, आणि दादा म्हणाला, "पुरे आता." वहिनींनी त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, पट्टी धुऊन वाळत घातली.

वर्ष उलटल्यावरच्या खेपेला वहिनी स्वतः आल्या. त्या दिवशी कांड्या आदल्या रात्रीच भरून ठेवल्या होत्या. मुलीने डाव्या डोळ्याने शेवटून तिसऱ्या ओळीतल्या फण्या दाखवल्या, एक सोडून सगळ्या. वहिनी पाटीजवळ उभ्या राहून प्रत्येक फणीला मान हलवत होत्या. उजवा डोळा होता तसाच चांगला होता. चष्मा काढला की डावा अजून थोडा वळायचा. डॉक्टर म्हणाले, आता पट्टी दोन तास पुरे, पण एकदम सोडायची नाही, नजर पुन्हा मागे जाऊ शकते.

दोन तास म्हणजे मी शाळेला जायच्या आधीचे, माझ्या देखत. कमरेच्या पट्टीची गरज उरली नव्हती. वहिनींनी खांबाची गाठ दातांनी सोडली, आणि त्या लुगड्याच्या तुकड्याने रहाटाचं तेल पुसलं.

मुलगी मात्र त्यानंतर कितीतरी दिवस खांबापासून दोन हातांवरच खेळायची. बोळात पोरींनी हाक मारली की उठायची, दोन पावलं टाकायची आणि जिथे पट्टी ताणली जायची, नेमकी तिथे थांबून मागे वळायची. "जा की," वहिनी म्हणायच्या. "कुनी धरलंय तुला?"