शेजारच्याचा चालतो का?

माझी मावशी एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरात बसते आणि दिवसभर हेल्पडेस्कचे फोन उचलते. वरच्या मजल्यांवर कुणाचाही कॉम्प्युटर रुसला की फोन मावशीला, आणि वाक्य ठरलेलं: "चालत नाहीये." डॉक्टर असो, नर्स असो, नाहीतर बिलिंगचे काका, त्यापुढे एक अक्षर नाही. मावशी चिडत नाही. आजारी बाळाची चौकशी करावी तशा आवाजात विचारते, "कधीपासून? काय केल्यावर? शेजारच्याचा चालतो का?" हा आवाज मी हुबेहूब काढते. एकदा आई पलीकडच्या खोलीतून वैतागून म्हणाली होती, "अगं, घरी आलीस ना, आता तरी फोन ठेव." मावशी तेव्हा आंघोळीला गेलेली होती.

ही मावशी चाळिशी ओलांडल्यावर सायबर सुरक्षेत एम.एस्सी. करायला बसली. सगळे पेपर सुटले, उरला शेवटचा प्रबंध, आणि घोडं अडलं विषयावर. शुक्रवारपर्यंत विषयावर सरांची सही झाली नाही तर सत्र गेलं. हॉस्पिटलने अभ्यासासाठी दिलेली अर्ध्या दिवसाची सवलतही याच सत्रापुरती. म्हणजे सत्र गेलं की सगळंच गेलं.

सही करणाऱ्या सरांना मी 'म्हणजेकाय सर' म्हणते. आधी चष्मा काढतात, मग शर्टाच्या टोकाने पुसतात, मग तो नाकावर न ठेवता हातातच धरून, खोल विहिरीतून बोलल्यासारखे म्हणतात, "म्हणजे... काय?" पहिल्यांदा मावशीने विषय नेला, 'कृत्रिम बुद्धिमत्ता आणि सायबर सुरक्षा'. सर म्हणाले, "यात दोन-तीन विद्यापीठं मावतील. तुम्ही कुठे बसणार?" मग ती 'हॉस्पिटलांची सायबर सुरक्षा' घेऊन गेली. सरांनी चष्मा पुसून पुसून काच पातळ केली असेल.

तिसऱ्या वेळी मी बरोबर होते, बाहेरच्या बाकावर. सरांच्या खोलीचं दार नीट लागत नाही, त्याला माझा इलाज नाही.

"हेल्पडेस्क सुरक्षित करण्यासाठी प्रभावी उपाय," मावशीने वाचलं.

"प्रभावी म्हणजे काय?"

"म्हणजे चांगलं काम करणारा, सर."

"चांगलं म्हणजे काय?"

"सुरक्षा वाढेल त्याने."

"आधी किती होती? मोजलीत?" कागद उलटल्याचा आवाज. "पाण्यात म्हैस आणि बाहेर मोल चाललंय, बाई. शुक्रवारी या."

परत येताना मावशी रस्ताभर एकच म्हणत होती, की हेल्पडेस्कला असलेला धोका खरा आहे. डॉक्टर असल्याची बतावणी करून कुणी फोन करतो, "पासवर्ड विसरलो, बदलून द्या" म्हणतो, आणि दिला की खातं त्याच्या हातात. "मला दिसतं गं समोर. पण सरांना सांगता येत नाही."

त्या संध्याकाळी आई आणि मावशी टेबलावर मटार सोलत होत्या. मावशी म्हणाली, "काढ तुझे सर. तालीम करू."

मी आईचा चष्मा काढून हातात धरला. "प्रभावी म्हणजे... काय?"

"धोका कमी करणारा."

"कमी म्हणजे... काय?"

"पुरे गं," मावशीने शेंग खाली टाकली. "माझा विषयच चालत नाहीये."

हे वाक्य कानावर पडलं आणि माझी जीभ आपोआप वळली. सरांच्या विहिरीतून थेट मावशीच्या तळघरात. "कधीपासून? काय केल्यावर? शेजारच्याचा चालतो का?"

आई इतकी हसली की मटार जमिनीवर घरंगळले. मावशी मात्र हसली नाही.

"परत म्हण."

"कधीपासून?"

"ते नको. शेवटचं."

"शेजारच्याचा चालतो का?"

"माझ्या विषयाला शेजारीच नाहीये," मावशी हळूच म्हणाली. "एकट्या उपायाला प्रभावी कसं म्हणायचं? कुणापेक्षा?"

तिने मटारांचे दोन ढीग केले. "ही आमची आत्ताची रीत. फोन करणाऱ्याला कर्मचारी क्रमांक नि जन्मतारीख विचारायची. बरोबर सांगितलं की पासवर्ड बदलून द्यायचा. आणि हा शेजारी. फोन ठेवायचा, आणि आमच्या नोंदीत त्या माणसाचा जो नंबर आहे त्यावर आपण उलट फोन करायचा."

"मग दुसरी चांगली," आई म्हणाली. "लहान मूलही सांगेल. यात शोधायचंय काय?"

"किती चांगली, ताई? आणि खरा डॉक्टर असेल, नंबर जुना असेल, त्याने उचललाच नाही तर? खोटा बाहेर राहिला, पण खराही बाहेर राहिला. तो तोटा कोण मोजणार?"

"तू," आई म्हणाली, आणि ढिगातला एक मटार तोंडात टाकला.

"माझी आकडेवारी खाऊ नकोस."

शुक्रवारी मी पुन्हा बाकावर. मावशीचा आवाज आज तळघरातला होता.

"प्रश्न असा आहे, सर. पासवर्ड बदलून मागणाऱ्या फोनांत, माहिती विचारण्याऐवजी नोंदीतल्या नंबरवर उलट फोन केला, तर किती कमी तोतये आत शिरतात? आणि त्यापायी किती खरे लोक बाहेर राहतात, एका फोनला वेळ किती जास्त लागतो?"

"तोतये," सरांनी शब्द चघळला. "आत शिरला म्हणजे काय?"

"त्याच्या सांगण्यावरून खात्याचा पासवर्ड बदलला गेला. बदलला तर शिरला, नाहीतर नाही. मधलं काही नाही."

"खरी खाती वापरणार?"

"नाही सर. चाचणीसाठी वेगळी, खोटी खाती. फोन घेणारे राजीखुशीने आलेले. काही फोन तोतयांचे असतील हे त्यांना माहीत, कुठले ते नाही. संशोधनाच्या नीतिसमितीने हो म्हटल्याशिवाय एकही फोन नाही."

"दोन्ही रीती तीच माणसं वापरणार?"

"हो. निम्मे आधी जुनी, निम्मे आधी नवी. नाहीतर दुसरीपर्यंत हात बसतो, आणि श्रेय रीतीला जातं."

खुर्ची करकरली. "आणि उलटं निघालं तर? तुमचा लाडका उपाय पडला तर?"

"तर तसं लिहीन. तेही उत्तरच आहे."

"जगातल्या सगळ्या हेल्पडेस्कांसाठी?"

"नाही सर. माझ्या तळघरापुरतं."

मग आत पेनाची खरखर, आणि सर म्हणाले, "चालेल."

मावशी बाहेर आली. कागद दोन्ही हातांनी धरलेला, जणू सांडेल. मला राहवेना. तिचा चष्मा ओढून घेतला, हातात धरला आणि विहिरीतून म्हटलं, "चालेल म्हणजे... काय?"

मागचं दार उघडलं. सर उभे. चष्मा काढलेला.

"मला वाटलं, मीच बाहेर बोलतोय," ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता मावशीला म्हणाले, "बाई, तुम्हाला तोतयाचे आवाज लागतील ना? या एकीला घेणार असाल तर वय विचारा. अठराच्या आत असेल तर संमतीपत्रावर आईचीही सही हवी."

"तिच्या आईचा आवाजही काढते ती, सर," मावशी म्हणाली.

"मग तिच्या आईला उलट फोन करा," सर म्हणाले, "नोंदीतल्या नंबरवर."