पडद्यावरचे शब्द

शाळेतून निवृत्त झाल्यावर अमरावतीत राजापेठेतल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत मी इंग्रजी तपासायचं काम धरलं. दवाखान्यांसाठी अपॉइंटमेंटचं अ‍ॅप बनत होतं. पातूरची एक मुलगी ते वापरून चुका शोधायची आणि प्रत्येक चुकीचा ईमेल लिहायची. मी तो सुधारून पुण्याच्या प्रोग्रामरला पाठवायचो. कृती वर्तमानकाळात हवी, ‘सेव्ह ड्राफ्ट’ हे बटणाचं नाव, म्हणून दोन्ही शब्दांना कॅपिटल अक्षर हवं, असली माझी किरकिर चाले.

चाळीस वर्षं कॉपी पकडण्यात गेल्यामुळे संशय माझ्या हाडीमाशी खिळलेला. या पोरीवर तर जरा जास्तच. ती सहा महिन्यांच्या प्रोबेशनवर होती आणि कायम व्हायला आठवडाच उरला होता. मला वाटे, आकडा फुगवायला चुका रचते की काय ही!

एकदा तिनं लिहिलं, ‘सेव्ह ड्राफ्ट’ दाबल्यावर पडद्यावर क्षणभर इंग्रजी अक्षरांत ‘भाऊ, थांब जरा’ असा संदेश आला आणि फॉर्म कोरा झाला. संदेश इतका झटकन गेला की फोटो घेता आला नाही. मी कपाळाला हात लावला. असं कुठं कंपनीचं अ‍ॅप बोलतं? पोरीचा वात्रटपणा, दुसरं काय. मी अवतरणातले शब्द खोडून सभ्य इंग्रजीत ‘सेव्ह झालं नाही’ असं लिहिलं आणि मेल धाडला. तिलाही प्रत गेली.

दुसऱ्या दिवशी पुण्याहून उत्तर आलं. हा संदेश प्रोग्राममध्ये शोधला, या फॉर्ममध्ये तो कुठंच नाही. न बघता तक्रारी लिहू नयेत.

कंपनीच्या साहेबांनी तिला माझ्यासमोरच बोलावलं. “काहून वो, न पाहता लिहून राहिली काय तू? असं असन तर तुले कायम कसं करू?”

ती मान खाली घालून उभी राहिली. मला वाटलं, पकडली गेली. मग एकदम ध्यानात आलं, प्रोग्रामरनं शोधले ते ‘सेव्ह झालं नाही’ हे शब्द तर माझे होते.

मी तिचा मूळ मेल साहेबांना दाखवला आणि तसाच पुण्याला पाठवला. अर्ध्या तासात प्रोग्रामरचा फोन आला. चाचणीपुरता तो संदेश त्यानंच गमतीनं टाकला होता, काढायचा राहिला. चूकही तिथंच सापडली. साहेब तिला म्हणाले, “जाय, काम कर. तुई नोकरी पक्की.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जिन्यात तिला गाठून विचारलं, “बाई, मी शब्द बदलले हे तू लगेच का नाही सांगितलंस?”

“सर, तुमी बदलले म्हून मले वाटलं, मीच चुकीचं पाह्यलं असन.”