गॅसवाल्याचा फोन

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. कुणी कारण विचारलंच असतं तर डोळ्यांचं ऑपरेशन, गुडघे, नातवंडं, काहीही पुढं केलं असतं. खरं कारण असं की हे लिहिलं तर मी कसा माणूस आहे ते कळणार होतं. आता कळू दे.

मला पुरुष आवडतात. हे सोळाव्या वर्षी कळलं, चोविसाव्या वर्षी माझं लग्न झालं. बायकोशी वाईट वागलो नाही, एवढंच म्हणवतं. साखर कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झालो, मग ती गेली. मुलानं एकटेपणावर उपाय म्हणून भारीतला मोबाइल घेऊन दिला. आमच्यासारख्यांनी एकमेकांना शोधायचं एक ॲप असतं हे मी पेपरात वाचलं होतं. ते घेतलं. नाव खोटं टाकलं, वय बावन्न लिहिलं आणि वीस वर्षांपूर्वीचा फोटो लावला.

त्यावरच तो भेटला. चाळिशीचा, उचगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान. बोलणं चांगलं चाललं होतं, पण भेटायचं म्हटल्यावर त्यानं आधी व्हिडिओ कॉल मागितला. मी नेट नाही, कॅमेरा बिघडलाय, अशी कारणं दिली. त्यानं लिहिलं, "मग राहू दे. तोंड न बघता मी कुणाला भेटत न्हाय." दोन दिवसांनी मीच कॉल केला. पांढऱ्या डोक्याचा मी स्क्रीनवर आलो. तो बघत राहिला आणि म्हणाला, "पावणं, वडिलांच्या हातात फोन दिलासा व्हय?"

मी कट करणार होतो. तो म्हणाला, "थांबा की. खोटं बोललासा, पर तोंड दावलासा. तेवढंबी कोण करत न्हाय."

पहिली भेट रंकाळ्यावर, भर दुपारी, भेळेच्या गाड्यांपाशी. ते त्यानंच ठरवलं. तो स्वतःच्या मोटारसायकलवर आला, मला मागं बसवलं नाही आणि घरचा पत्ता सांगितला नाही. मला राग आला. मी काय चोर होतो? तो म्हणाला, "चोराच्या कपाळावर लिवल्यालं नसतंय, काका." त्याच्या ओळखीतल्या एकाला इचलकरंजीत असंच खोलीवर बोलावून लुटलं होतं. तेव्हापासून नवीन माणसाला भेटायचं तर आधी व्हिडिओ कॉल, पहिली भेट उजेडात आणि गर्दीत, जायला-यायला आपली गाडी, आणि आपण कुठं आहोत हे एकाला ठाऊक.

आमच्यात तसलं काही झालं नाही. मैत्री झाली. तो मला चारचौघांत काका म्हणायचा आणि फोनवर म्हातारं. "काय म्हातारं, जेवलासा का?" पन्नास वर्षं मी ज्याविषयी कुणाशी अवाक्षर काढलं नव्हतं, त्यावर तो हसत बोलायचा. त्यानं बहिणीला सांगितलं होतं. फक्त बहिणीला. मी विचारलं, "गावाला का नाही सांगत मग?" तो म्हणाला, "गावाला कशापायी? अडचणीत धावून यील त्याला सांगायचं. बाकीच्यांस्नी जवा वाटंल तवा." मी माझ्या घरी सांगावं असं तो कधीच म्हणाला नाही. "दुसऱ्याचं दार आपण उघडायचं न्हाय," हे त्याचं वाक्य. त्याची किंमत मला पुढं कळली.

बहीण सासरी राधानगरीकडं, डोंगरात, फोनला रेंज नाही. म्हणून नव्या माणसाला भेटायला जाताना कळवायचं कुणाला, असा प्रश्न आला. मी म्हटलं, मला कळव. मग ठरलं. जाण्याआधी तो समोरच्याच्या प्रोफाइलचे, चेहऱ्याचे आणि बोलण्याचे स्क्रीनशॉट मला पाठवणार. कारण समोरच्यानं ब्लॉक केलं की ॲपवरचं सगळं बोलणं आपल्याकडनंही नाहीसं होतं. लाइव्ह लोकेशन पाठवणार. ठरल्या वेळी फोन करणार. "काम झालं" म्हणाला तर ठीक. "मोटर जळली" म्हणाला तर मी लगेच पोलिसांना फोन करायचा आणि जागा सांगायची.

त्यानं मला एकच गोष्ट खोदून विचारली. "घरात माणसं असली तरी उचलणार का फोन?"

मी म्हटलं, "उचलणार म्हणजे? काय बोलतोस?"

"न्हाय जमलं तर न्हाय म्हणा. वाईट वाटणार न्हाय. दुसरा कोणतर बघतो."

"जमतंय म्हटलं ना."

माझ्या वयाचा खोटेपणा त्यानं हसून सोडला होता. फोटोचाही. पण हे खोटं मी त्याच्या जिवावर बोललो. त्याच दिवशी मी त्याचा नंबर माझ्या मोबाइलमध्ये "गॅसवाला" या नावानं ठेवला होता. ज्याच्या नावाचीच मला घरात धास्ती, त्याचा राखणदार मी व्हायला निघालो. लपून राहणं हा गुन्हा नाही. लपून राहणाऱ्यानं "मी आहे ना" म्हणणं हा आहे. त्या एका शब्दासाठी मला स्वतःच्या मुस्काटात मारावीशी वाटते, आजही.

सून थट्टा करायची. "बाबांचा गॅसवाला सारखा फोन करतोय. एवढा गॅस जातोय कुठं आमचा?" सगळे हसायचे. मीही.

त्या दिवशी तो ज्याला भेटायला गेला त्याच्याशी आधी व्हिडिओ कॉल झाला होता, एक भेट हायवेवरच्या हॉटेलात दुपारी झाली होती. सगळं नियमानं. दुसऱ्या भेटीला त्या माणसानं शेतातल्या खोलीवर बोलावलं. स्क्रीनशॉट आले, लोकेशन आलं. मी "ठीक" म्हणून अंगठ्याचं चिन्ह पाठवलं.

आमच्याकडं त्या संध्याकाळी नातीच्या सोयरिकीची माणसं आली होती. नवऱ्या मुलाचे आईवडील, चुलते, मामा. फोन टीपॉयवर होता. वाजला. सुनेनं बघितलं आणि म्हणाली, "बाबा, तुमचा गॅसवाला." व्याही होऊ घातलेले गृहस्थ हसले. मी कट केला. परत वाजला. परत कट केला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा माझा मुलगा म्हणाला, "उचला की, काय म्हणतोय बघा तरी."

उचलला. त्याचा आवाज ओळखू येईना. "काका, मोटर जळली हाय. लई मोठी जळली. पैसं लागत्यात."

मला कळलं. हे मी इथं स्पष्ट लिहितो, कारण इतकी वर्षं मनात "नीट ऐकू आलं नाही" अशी पळवाट ठेवली होती. नीट ऐकू आलं. मी म्हटलं, "सिलेंडर आहे अजून. नको." आणि फोन ठेवला. समोरच्या बाई म्हणाल्या, "आमच्याकडं तर वेळेवर येतच नाही हो." मी मान डोलावली.

बाथरूममध्ये जाऊन पोलिसांना फोन करता आला असता. तिथं गेलोही. पण पोलीस विचारतील, तुम्ही त्याचे कोण? नाव काय? पत्ता काय? बाहेर नातीचं लग्न ठरत होतं. मी तिथं उभं राहून त्याचे स्क्रीनशॉट पुसले. लोकेशन पुसलं. मग तोंड धुऊन बाहेर येऊन चिवडा खाल्ला.

दोन दिवसांनी अनोळखी नंबरवरून फोन आला. मी गच्चीवर गेलो. त्याची बहीण होती. माझा नंबर त्याला पाठ होता.

"तुमीच का त्ये काका?"

"हो."

खोलीत आणखी तिघं लपलेले होते, तिनं सांगितलं. मारलं, उघडं करून व्हिडिओ काढला, खात्यातलं सगळं काढून घेतलं. कुणाकडून तरी आणखी मागव म्हणाले, म्हणून त्यानं मला फोन लावला होता. मी ठेवला तेव्हा ते हसले. मग फोनही घेतला आणि त्याला ओढ्याकाठी सोडलं. पोलिसांत गेलास तर तूच आत जाशील, अशी धमकी दिली. सरकारी दवाखान्यातून तो बहिणीबरोबर सरळ चौकीत गेला. तिथं हवालदार म्हणाला, "तिकडं काय करायला गेलतास?" त्यानं सांगितलं, "भेटायला. दोघंबी सज्ञान. त्यो गुन्हा न्हाय आता. मारलं आन लुटलं, त्यो गुन्हा हाय. त्यो लिवा."

पोलिसांना आपलं नाव सांगावं लागेल म्हणून मी चिवडा खात बसलो, आणि हा फुटलेल्या तोंडानं चौकीत हे बोलला.

"दादाचा फोन गेला," ती म्हणाली. "त्या माणसानं तिकडं ब्लॉक केलंय. फोटो तुमच्याकडंच हायत म्हणतोय. तेवढं पाठवा."

"नाहीत माझ्याकडं. चुकून गेले."

ती म्हणाली, "मोटर जळली म्हणल्यालं कळलं हुतं नव्हं तुमास्नी?"

मी फोन ठेवला.

आता पोलीस येतील म्हणून कित्येक दिवस दाराकडं बघत राहिलो. कुणी आलं नाही. कुठं जातोय हे कुणाला ठाऊक होतं का, असं त्याला विचारलं असणारच. त्यानं माझं नाव घेतलं नव्हतं. माझं दार त्यानं उघडलं नाही. तक्रार अनोळखी इसमांविरुद्ध राहिली. काही महिन्यांनी ॲपवर त्या स्क्रीनशॉटमधला चेहरा नव्या नावानं दिसला. तो पोलिसांना नेऊन दाखवायची हिंमत तेव्हाही झाली नाही, मी ॲपवर प्रोफाइलची तक्रार तेवढी केली. ते गेलं, आणि तोच चेहरा तिसऱ्या नावानं परत आला. ज्या पुराव्यानं तो चेहरा पोलिसांच्या हाती लागला असता, तो मी बाथरूममध्ये पुसला होता. त्या चौघांचा मला संताप येतो, हवालदाराचा येतो, पण तो फार टिकत नाही. फिरून माझ्याच दारात येतो.

नातीचं लग्न झालं. ती सुखात आहे. तिला यातलं काही माहीत नव्हतं, आणि तिच्या नावावर मी हे पाप टाकत नाही.

मागच्या वर्षी घरातला मिक्सर पिशवीत घालून उचगावला गेलो. चांगला चालत होता, मीच त्याची वायर ढिली केली होती. बसमध्ये वाक्य पाठ करत होतो. दुकानात तो एकटा होता. भुवईवर टाके घातल्याची खूण. मान वर करून माझ्याकडं बघितलं. ओळखलं, यात शंका नाही.

"या पावणं," तो म्हणाला. "काय बिघडलंय?"

पावणं. कुणाही गिऱ्हाइकाला म्हणतात तसं.

मी म्हटलं, "सुरू होत नाही."

त्यानं मिक्सर उघडला, वायरकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. वायर घट्ट केली आणि परत दिला. "ह्याला काय झालं न्हवतं," म्हणाला. मी पिशवी घेऊन उभा राहिलो. मागं दुसरं गिऱ्हाईक आलं आणि मी निघालो.

बसमध्ये पाठ केलेलं वाक्य असं होतं: मला नीट ऐकू आलं होतं, आणि मी तुला तिथंच सोडलं. मला माफ कर.