इतर वारसांचा रकाना

माझ्या आईने १९७४च्या जुलै महिन्यात नागपूरच्या दिवाणी न्यायालयात तिच्या सख्ख्या धाकट्या भावावर दावा दाखल केला. दाव्यात तिने पैसे मागितले नव्हते, घराची वाटणीही मागितली नव्हती. नागपुरातल्याच बर्डी भागामागच्या ज्या घरात ती लग्नापर्यंत राहिली, त्या घराचा नवा पट्टा भावाने एकट्याच्या नावावर घेतला असला, तरी तो दोघांसाठी आहे असे न्यायालयाने जाहीर करावे आणि त्या घरात राहण्याचा तिचा हक्क मान्य करावा, एवढेच तिचे मागणे होते.

मी तेव्हा नागपूरच्या एका मराठी दैनिकात न्यायालयाच्या बातम्या आणत असे. ही बातमी मी दिली नाही.

घराखालची जमीन नझूलची, म्हणजे सरकारी. अशी जमीन तीस वर्षांच्या पट्ट्यावर, म्हणजे भाडेकरारावर, मिळते आणि मुदत संपली की पट्टा नवा करून घ्यावा लागतो. आजोबा टपाल खात्यात होते. १९४१ साली त्यांनी पट्टा घेतला आणि तीन खोल्यांचे कौलारू घर बांधले. आई तेव्हा बारा वर्षांची होती. शाळेतून आल्यावर नव्या भिंतींवर पाणी मारायचे काम तिचे होते. भाऊ चार वर्षांचा. त्याला कडेवर घेऊनच ती हे काम करी, कारण खाली ठेवले की तो चुन्यात हात घाली. पूर्वेकडची खोली पुढे तिला अभ्यासासाठी मिळाली. लग्न होऊन ती कामठीला गेली, तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती.

आजी आधी गेली. आजोबा १९६३ मध्ये गेले. त्यांनी मृत्युपत्र केले नव्हते. १९५६च्या वारसा कायद्याप्रमाणे मुलगा आणि मुलगी दोघेही सारखे वारस होते. याची चर्चा घरात झाली नाही. आमच्याकडे मुलगी बापाच्या घरात हिस्सा मागत नसे. मागितला, तर माहेर जाते, असे सगळ्या बायका धरून चालत. आईनेही तेच धरले होते.

१९६९ मध्ये माझे वडील वारले. ते कामठीत शिक्षक होते. शाळेचे क्वार्टर सोडावे लागले. आई एका विणकराच्या घरी भाड्याच्या खोलीत राहू लागली. भिंतीपलीकडे माग चालत. चार वर्षांनी घरमालकाने तीही खोली मागितली, कारण त्याला आणखी दोन माग बसवायचे होते. मी नागपूरबाहेर वाडीला गोदामांच्या मागे तिघांत एक खोली घेऊन राहत होतो. दुसरी खोली बघतो, असे मी तिला सांगितले. ती नको म्हणाली. तिला पूर्वेकडची खोली हवी होती. कामठीत पावसाळी दिवसांत दुपारी ती मला त्या खोलीचे वर्णन सांगे: खिडकीची खालची कडी कशी अडकते, कोनाड्यात ऊन किती वाजता येते. मला ते सगळे आधीच माहीत होते. तरी ती सांगे.

आम्ही दोघे मामाकडे गेलो. मामाने चहा करायला सांगितला, आईची बॅग स्वतः आत ठेवली.

"ये ना बाई. आठ दिवस राह्य, पंधरा दिवस राह्य. घर काही परकं आहे का?"

"मी पाहुणी म्हणून नाही येऊन राहिली गा," आई म्हणाली. "मले पूर्वेकडची खोली पाहिजे. कायमची."

मामा उठला. मग त्याने कपाटातून कागद काढला. मुदत १९७१ मध्ये संपली होती. नवा पट्टा त्याच्या एकट्याच्या नावावर झाला होता. बाबांचा पट्टा बाबांबरोबर संपला, हा पट्टा सरकारने त्याला दिला आहे, असे त्याने समजावून सांगितले. तो चिडलेला नव्हता. आईने कागद माझ्याकडे दिला आणि चहा न घेता बॅग उचलली.

वकील मी ओळखत होतो. वयस्क गृहस्थ होते. न्यायालयामागच्या गल्लीत त्यांची बैठक होती, आणि बातमीसाठी गेलेल्या प्रत्येक वार्ताहराला ते आधी शेंगदाणे देत. त्यांनी कागद वाचला. आईने सांगून टाकले की घर भावाच्या नावावर आहे, त्याने ते आपल्यासाठी घेतो असे कधी म्हटलेले नाही, लिहून तर मुळीच दिलेले नाही.

"नाव तर दुकानाच्या पाटीवरही राहते," वकील म्हणाले. "दुकान कोणाचं, ते वेगळं पाहावं लागते."

मग त्यांनी आईला जे सांगितले, ते मी नंतर वहीत उतरवून ठेवले. ट्रस्ट, म्हणजे दुसऱ्याच्या हितासाठी धरलेली मालमत्ता, म्हटला की मालकाने तो जाहीर केलेला असतो, असे लोकांना वाटते. पण १८८२च्या ट्रस्ट कायद्यात एक प्रकरण असे आहे, की तिथे कोणी काही जाहीर करावे लागत नाही. वस्तू एकाच्या हातात आली, पण ती त्याने स्वतःची म्हणून ठेवणे न्यायाला धरून नसेल, तर कायदाच त्याच्यावर ट्रस्टसारखे बंधन घालतो. पैसे एकाने दिले आणि खरेदी दुसऱ्याच्या नावावर झाली, तर एक कलम. आईने पैसे दिले नव्हते, म्हणून ते कलम तिच्या उपयोगाचे नव्हते. तिचे कलम नव्वद. सामाईक मालकांपैकी एकाने त्या मालकीचा आधार घेऊन बाकीच्यांच्या हक्काला बाध येईल असा फायदा मिळवला, तर तो फायदा सगळ्यांसाठी धरावा लागतो. बाकीच्यांनी खर्चाचा आपला वाटा द्यायचा.

वाटणी मात्र मागू नका, असे त्यांनी बजावले. वारसा कायद्याप्रमाणे कुटुंब राहते त्या घराची वाटणी मुलीला मागता येत नव्हती, जोवर पुरुष वारस स्वतः वाटणी करत नाहीत. पण मुलगी विधवा असेल, तर तिथे राहण्याचा हक्क तिला होता.

"म्हणजे नवरा मेला म्हणून मले बापाचं घर मिळते," आई म्हणाली.

वकिलांनी शेंगदाण्यांची वाटी तिच्याकडे सरकवली. तिने घेतले नाहीत.

दावा अडीच वर्षे चालला. तारखेच्या दिवशी आई कामठीहून बसने येई. आता ती तिथे एका ओळखीच्या घरी पडवीत राहत होती. मामा व्हरांड्याच्या दुसऱ्या टोकाला उभा राही. पुकारा झाला की दोघे आत जात, आणि दारातून आत जाताना तो तिला आधी जाऊ देई.

आईची साक्ष झाली, तेव्हा मामाच्या वकिलाने चार प्रश्न विचारले. पट्ट्यासाठी तिने एक पैसा तरी दिला का? नाही. भाऊ कधी म्हणाला का, की हा पट्टा बहिणीसाठीही आहे? नाही. नझूल कचेरीत ती कधी गेली का? नाही. मग तिचा हक्क आला कुठून?

"त्या भिंतीले मी पाणी मारलं आहे," आई म्हणाली.

न्यायाधीशांनी हे उत्तर टिपायला सांगितले नाही. त्याचा कायद्याशी संबंध नव्हता.

मामाची साक्ष पुढच्या तारखेला झाली. आमच्या वकिलांनी नझूल कचेरीतून नूतनीकरणाच्या अर्जाची प्रमाणित नक्कल काढली होती. अक्षर मामाचे होते. ती त्याच्या हातात देऊन त्यांनी विचारले, हक्काचे कारण म्हणून काय लिहिले आहे. मामाने वाचले, "मूळ पट्टेदाराचा मुलगा व वारस."

"तुम्ही वारस नसता, तर हा पट्टा तुम्हाला मिळाला असता?"

"नाही."

"खाली इतर वारसांचा रकाना आहे. तो कोरा का?"

मामाने सांगितले की कचेरीबाहेर बसणाऱ्या अर्जनविसाने तसे सुचवले. बहिणीचे नाव घातले, तर तिची सही लागली असती आणि त्यासाठी कामठीला जावे लागले असते.

"कामठी किती लांब आहे हो?"

मागच्या बाकावर कोणीतरी हसले. वकिलांनी आवाज खाली आणून विचारले, बहीण वारस आहे हे माहीत होते का.

"होतं," मामा म्हणाला. मग तो वकिलांकडे न बघता आईकडे बघून बोलला. "मले वाटलं, बाई मागणार नाही."

हे उत्तर टिपले गेले.

निकाल १९७७च्या जानेवारीत लागला. तो नऊ पानांचा होता. न्यायाधीशांनी मामाला लबाड म्हटले नाही. त्याचा हेतू काय होता, हे ठरवण्याची गरज नाही, असे त्यांनी लिहिले. वारस म्हणून जे स्थान दोघांचे होते, त्याच्या जोरावर त्याने नवा पट्टा मिळवला. जुन्या पट्ट्यात ज्यांचा हक्क होता, त्या दोघांच्या हितासाठी त्याने तो धरला पाहिजे. त्याने तसे कधी म्हटले नाही, याने फरक पडत नाही. बहिणीने नूतनीकरणाचा आणि तेव्हापासूनच्या जमीनभाड्याचा निम्मा खर्च द्यावा. पूर्वेकडच्या खोलीत राहण्याचा तिचा हक्क मान्य करण्यात आला.

आईने खर्चाचा वाटा न्यायालयात भरला. मामाने अपील केले नाही. का केले नाही, हे मी त्याला विचारले नाही.

मार्चमध्ये आई राहायला गेली. एक ट्रंक, एक गादी आणि स्टोव्ह, एवढे सामान होते. मामाने खोली रिकामी करून, झाडून ठेवली होती. तिचा मधल्या घरात उघडणारा दरवाजा पलीकडून बंद होता. येण्याजाण्यासाठी बाहेरचा दरवाजा होता. मामी अंगणात भेटे, तेव्हा नळाला पाणी आले का, एवढे विचारी. मामा सकाळी निघे आणि संध्याकाळी येई. खिडकीसमोरून जाताना तो खाली बघे, असे आईने मला सांगितले. मी रविवारी जात असे. ती खिडकीत बसलेली असे. कोनाड्यातल्या उन्हाबद्दल ती आता काही बोलत नसे. तो आज काय घालून गेला, बारीक झाला आहे, खोकतो आहे, हे ती सांगे.

"बोलाव ना मग त्याला," मी एकदा म्हणालो.

"बोलावीन. पण तो न्यायाधीशाच्या हुकमानं नाही ना येत."

नझूल कचेरीच्या नोंदवहीत तिचे नाव त्या वर्षीच्या पावसाळ्यात चढले. नक्कल मी आणून दिली. तिने ती ट्रंकेत ठेवली.

पुढच्या अक्षय तृतीयेला तिने आपल्या वडिलांच्या नावाने स्वयंपाक केला. चिंचेचे पन्हे, काडीवर वळलेले गव्हाचे सरगुंडे, आंब्याचा रस. आजोबांना पान वाढून झाल्यावर तिने आणखी एक ताट केले. बंद दरवाजावर दोनदा थाप मारली, बाहेरून फिरून गेली आणि ते ताट मामाच्या पायरीवर झाकून ठेवून परत आली. दरवाजा उघडला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताट तिच्या बाहेरच्या दाराशी होते. ते घासून, पुसून ठेवलेले होते.